घाटात एसी बंद केला आणि काच पांढरी झाली

दादा, आम्ही रत्नागिरीचे. गेल्या रविवारी कोल्हापूरला निघालो होतो, गाडी मी चालवत होते. सोबत हे, सासूबाई आणि दोन मुलं. साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा मुलं पावसात मनसोक्त भिजली आणि तशीच गाडीत बसली. आंबा घाट चढायला लागल्यावर हे म्हणाले, "एसी बंद कर, गाडी ओढत नाही." मी बटण दाबलं आणि मिनिटभरात समोरची काच आतून दुधासारखी पांढरी झाली. यांनी रुमालाने पुसली, पुन्हा तेच. मग घाबरून एसी फुल थंड करून सगळी हवा काचेवर सोडली. तेव्हा जरा दिसायला लागलं, पण वर पोचेपर्यंत काच पुन्हा धूसर! या वेळी कितीही पुसलं तरी जाईना. शेवटी सासूबाईंना थंडी वाजायला लागली म्हणून खिडक्या उघडून, भिजत आंब्यात पोचलो. एसी लावायचा की हीटर? ते गोल बाणाचं बटण चालू हवं की बंद? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.
— एक वाचक, रत्नागिरी

ताई, तुमच्या काचेवर त्या दिवशी दोन वेगवेगळ्या वाफा धरल्या होत्या. पहिली आतून, दुसरी बाहेरून. दोन्ही दिसायला सारख्या, पण एकीचा उपाय दुसरीला वाढवतो. तुम्हाला प्रत्येक जण वेगळं सांगतो ते यामुळेच. ज्याला आतली वाफ भेटली तो सांगतो एसी लाव, ज्याला बाहेरची भेटली तो सांगतो एसी बंद कर. दोघंही आपापल्या जागी खरे.

म्हणून काच धूसर झाली की पहिलं काम नॉब फिरवण्याचं नाही. आधी वायपरचा एक फटका मारा. काच साफ झाली तर वाफ बाहेरून आहे. वायपर फिरूनही धूसरपणा तसाच राहिला तर ती आतून आहे. शेजारी बसलेल्याने आतून बोटाने रेघ ओढली तरी हेच कळतं: रेघ उमटली तर आतली, नाही उमटली तर बाहेरची. तुमचे 'हे' दुसऱ्या वेळी कितीही पुसत होते तरी जात नव्हती, कारण ते काचेच्या चुकीच्या बाजूला रुमाल फिरवत होते.

आता पहिली वाफ. गाडीच्या आत साधारण तीन घनमीटर हवा मावते. 24 अंशाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 22 ग्रॅमच्या आसपास बाष्प धरते, म्हणजे तुमच्या अख्ख्या गाडीची धारणक्षमता झाली पासष्टेक ग्रॅम. चहाचा अर्धा कपसुद्धा नाही. नुसता बसलेला मोठा माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडतो. तुम्ही तिघं मोठे आणि दोन मुलं धरली तर तासाला दोनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बंद गाडीत हवा अगदी कोरडी असती तरी वीस मिनिटांत ती तुडुंब भरली असती. आणि तुमच्याकडे तर भिजलेले दोन शर्ट, दोन पँटी, ओल्या चपला आणि ओल्या मॅटही होत्या. आंबा घाटाच्या वरच्या अंगाला पावसात बाहेर एकवीस-बावीस अंश असतं आणि पाण्याच्या माऱ्याखाली काचही तेवढीच गार असते. आतली हवा पंचवीस अंशांची, बाष्पाने भरलेली. ती गार काचेला टेकली की जास्तीचं पाणी तिथेच सोडते. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो, तेच इथे आतल्या बाजूने होतं.

पण हे हळूहळू व्हायला हवं होतं. तुमची काच मिनिटभरात पांढरी झाली, त्याचं कारण एसीच्या बटणात आहे, आणि घाटात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यावं असं मला वाटतं. डॅशबोर्डच्या आत एसीची कूलिंग कॉइल असते, पातळ पत्र्यांची जाळी. ती पाच-दहा अंशांपर्यंत गार होते. हवा तिच्यातून गेली की हवेतलं बाष्प पत्र्यांवर पाणी होऊन साचतं आणि एका नळीतून गाडीखाली ठिबकतं. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली दिसतं तेच हे पाणी. म्हणजे एसी हवा थंड करतो त्याच वेळी वाळवतोही. रत्नागिरी सोडल्यापासून तुमच्या नकळत तो हेच करत होता आणि भिजलेल्या पोरांचं पाणी गाडीबाहेर टाकत होता.

तुम्ही बटण दाबलंत तेव्हा कॉम्प्रेसर थांबला, पण ब्लोअर चालूच राहिला. कॉइल बघता बघता गार राहिनाशी झाली. तिच्या पत्र्यांवर धरून राहिलेलं पाणी ब्लोअरच्या वाऱ्याने उडालं आणि परत तुमच्याच गाडीत आलं. वर ते गोल बाणाचं बटण चालू असणार, कारण एसी लावला की बहुतेक जण ते लावून ठेवतात. त्यामुळे बाहेरची हवा आत येत नव्हती आणि आतली ओली हवा पुन्हा पुन्हा कॉइलवरून फिरून आणखी ओली होत होती. एसी बंद केल्यावर कधी कधी कुबट वास येतो ना, तो याच पाण्याचा.

'गाडी ओढत नाही' हे तुमच्या यजमानांचं म्हणणं खोटं नाही. कॉम्प्रेसर इंजिनाची थोडी ताकद खातो आणि पाच माणसं भरलेल्या छोट्या पेट्रोल गाडीला चढावर ते जाणवतं. पण त्याला उपाय गिअरचा आहे. तिसऱ्यावर रखडत असेल तर दुसरा टाका, इंजिनाला जरा फिरू द्या. अनेक गाड्यांत अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबला की कॉम्प्रेसर काही क्षणांपुरता आपोआप सुटतोही. पावसाळ्यात घाट चढताना एसी बंद करण्याची सवय मात्र मोडा. ती उन्हाळ्यात खपून जाते. पावसात मात्र ती नेमकी वळणावर आंधळं करते. अगदीच बंद करायचा झाला तर आधी गोल बाण काढून बाहेरची हवा सुरू करा, खिडक्या बोटभर उघडा आणि मग एसी बंद करा. तेही सरळ रस्त्यावर.

दुसरी वाफ तुमच्या घाईतून आली. फुल थंड एसी सगळा काचेवर सोडला तेव्हा आतली बाजू कोरडी झाली, म्हणून तुम्हाला जरा वेळ दिसलं. पण झरोक्यातून येणारी हवा दहा-बारा अंशांची होती. तिने काच इतकी गार केली की आता बाहेरच्या हवेच्या दृष्टीने तुमची काच हाच फ्रिजमधला तांब्या झाला. पावसाळी हवेत याला फारसं थंड करावंही लागत नाही. बाहेर 27 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल तर दवबिंदू 25 अंशांच्या आसपास असतो. काच बाहेरच्या हवेपेक्षा दोन-अडीच अंशांनी गार झाली की पुरे, दव धरलंच. घाटात ढगातून जाताना तर आर्द्रता शंभरावर टेकलेली असते, तिथे एक अंशही चालतो. मुंबईकरांना हे सकाळी नेहमी भेटतं: रात्रभर पाऊस झालेला, एसी अठरावर, आणि काचेच्या खालच्या पट्टीत झरोक्यांच्या बरोबर समोर धुराचे दोन कमानी डाग. ते डाग बाहेरून असतात. वायपर फिरवला की जातात आणि दोन मिनिटांत परत येतात.

यातून काचेच्या दोन अटी निघतात. आतून तिला कोरडी हवा लागायला हवी, आणि ती स्वतः बाहेरच्या हवेपेक्षा गार होता कामा नये. नुसता थंड एसी पहिली अट पाळतो, दुसरी मोडतो. नुसता हीटर दुसरी पाळतो, पण गाडीतलं पाणी गाडीतच ठेवतो. वर गरम हवेमुळे ओल्या कपड्यांतून आणखी पाणी निघतं, ते वेगळंच. म्हणून दोन्ही एकत्र लावायचे: एसी चालू आणि तापमानाचा नॉब निळ्याकडून लाल बाजूला सरकवलेला.

इथे माझ्या गॅरेजमध्ये निम्मे लोक अडतात. "एसी पण आणि हीटर पण? डिझेल फुकट जाईल." एसी-हीटर भांडत नाहीत, एकामागोमाग काम करतात. हवा आधी कॉइलवरून जाते, तिथे तिचं पाणी गळून पडतं. मग हीटरच्या जाळीतून जाते, तिथे ती पुन्हा कोमट होते. बावीस अंशांची ढगातली हवा घनमीटरला एकोणीस ग्रॅम पाणी घेऊन आत येते आणि कॉइलवर आठेक अंशांपर्यंत गार झाली की जवळपास आठ ग्रॅम घेऊन पुढे जाते. निम्म्याहून जास्त पाणी गेलं. तीच हवा पुन्हा पंचवीस अंशांवर आणली की तहानलेली असते आणि काचेवरचं पाणी शोषून घेते. हीटरची उष्णता इंजिनाच्या कूलंटमधून येते, नाहीतरी रेडिएटरमधून वाया जाणारी. त्यासाठी वेगळं इंधन जळत नाही. एसीला लागतं तेवढंच. फक्त इंजिन तापलेलं हवं. गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं नॉब लाल बाजूला असूनही हवा गारच लागते, तेव्हा बिघडलं समजू नका.

आता गोल बाणाचं बटण, म्हणजे रीसर्क्युलेशन. पावसात ते बंद ठेवा, बाहेरची हवा घ्या. बाहेर पाऊस असताना बाहेरची हवा कशी कोरडी, हा प्रश्न बरोबर आहे. ती कोरडी नसतेच, पण पाच श्वास आणि भिजलेल्या मुलांच्या तुलनेत तिच्यात पाणी कमी असतं. मुख्य म्हणजे ती आत येते तेव्हा आतली ओली हवा मागच्या बाजूच्या झडपांतून बाहेर ढकलली जाते. एसी जोरात चालू असेल तोवर गोल बाण चालू राहिला तरी काच लगेच धरत नाही, उलट थोडा वेळ हवा आणखी कोरडी वाटते. त्यामुळेच लोक फसतात. कॉम्प्रेसर कोणत्याही कारणाने सुटला की पुढे काय होतं ते तुम्ही पाहिलंत. गोल बाण धुळीच्या रस्त्याला, ट्रकच्या धुरामागे, बोगद्यात आणि मे महिन्यात तापलेली गाडी पटकन गार करताना वापरा. काम झालं की काढा. बंद गाडीत पाच माणसं तासभर तीच हवा श्वासात घेत राहिली की चालकाला पेंग येते, तोही एक भाग आहेच.

काचेकडे तीन वाकडे बाण असलेलं, पंख्यासारख्या आकाराचं चिन्ह समोरच्या काचेचं. बऱ्याच गाड्यांत ते दाबलं की एसी आणि बाहेरची हवा आपोआप सुरू होते. मात्र साध्या, फिरवायच्या नॉबच्या गाड्यांत तसं होईलच असं नाही. तिथे तीन गोष्टी हाताने कराव्या लागतात, म्हणून तुमच्या गाडीत काय होतं ते घरी उभ्या गाडीवर एकदा पाहून घ्या: चिन्ह निवडल्यावर एसीचा दिवा लागतो का, गोल बाणाचा विझतो का. गोल बाणाची झडप खरोखर हलते का हे कानाने कळतं. ब्लोअर जोरात ठेवून बटण चालू-बंद करा. चालू असताना आवाज मोठा आणि जवळून येतो, बंद केल्यावर बसतो. आवाज बदलला नाही तर झडप अडकली आहे.

चौकोनी काचेचं चिन्ह मागच्या काचेचं. तिथे हवा नसते, काचेतल्या बारीक तारा विजेने तापतात. मागची काच आतून घासून पुसू नका, एक तार तुटली की ती पट्टी कायमची धूसर. आणि डॅशबोर्डच्या दोन टोकांचे झरोके बाजूच्या काचांकडे वळवून ठेवा. समोरचं दिसतंय पण आरसा दिसत नाही, ही अवस्था घाटात मागून एसटी येत असताना बरी नव्हे.

पुढच्या खेपेला असं करा. साखरप्याला मुलं भिजणारच, ते मी थांबवू शकत नाही. पण गाडीत बसण्याआधी शर्ट बदला आणि ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डिकीत टाका. छत्री आणि ओला टॉवेल मागच्या सीटखाली ठेवू नका. गाडी सुरू केली की काचेचं चिन्ह, एसी चालू, गोल बाण बंद, नॉब मध्यापासून थोडा लालकडे, ब्लोअर तीनवर. आकडा दाखवणारी गाडी असेल तर पंचवीस-सव्वीस लावा. काच दोन-तीन मिनिटांत स्वच्छ होते. तोवर हँडब्रेक सोडू नका. नंतर हवा काच आणि पाय अशी दोन्हीकडे विभागून ब्लोअर एक-दोनवर आणा आणि घाट संपेपर्यंत एसीच्या बटणाला हात लावू नका. चढताना बाहेरून धूसर व्हायला लागलं तर वायपर मारा आणि नॉब आणखी थोडा लालकडे सरकवा. एसी बंद करू नका. बाहेर जितकं गार होत जाईल तितकी ही गरज कमी होते, म्हणून घाटमाथ्यावर नॉब परत थोडा मागे आणता येतो.

एवढं करूनही वळणावर अचानक काच गेलीच तर करकचून ब्रेक मारू नका, मागचा तुमच्यावर येईल. पाय उचला, दोन्ही खिडक्या चार बोटं खाली घ्या, इंडिकेटर देऊन डावीकडे रुंद जागा बघून थांबा आणि मगच चारही दिवे लावा. रुमाल तेवढ्यापुरता ठीक. पण हाताने किंवा मळक्या फडक्याने पुसलं की काचेवर तेलकट थर राहतो, आणि वाफ अशा थरावर जास्त लवकर आणि जास्त दाट धरते. म्हणून पावसाळ्याआधी समोरची काच आतून नीट धुऊन कोरड्या मायक्रोफायबरने पुसून घ्या. शेव्हिंग फोम, शाम्पू, कापलेला बटाटा, ट्रकवाल्यांची तंबाखू हे सगळे उपाय माझ्या पाहण्यातले आहेत. ते थेंबांऐवजी पातळ थर करतात, म्हणून थोडा वेळ दिसतं. पण रात्री समोरून दिवे आले की त्याच थरावर उजेड फाकतो. मी आतून काही लावत नाही.

सगळं बरोबर लावूनही पाच मिनिटांत काच मोकळी झाली नाही, तर सेटिंगचा दोष नाही, गाडीत कुठेतरी पाणी आहे. मागच्या वर्षी एक गाडी आली होती, मालकाने एसीचा गॅस दोनदा भरून घेतला होता. मी शेजारच्या सीटची मॅट उचलली तर खालचा गालिचा पिळून पाणी निघालं. कॉइलचं पाणी बाहेर नेणारी नळी चिखलाने बुजली होती, त्यामुळे एसी हवेतून काढलेलं सगळं पाणी गाडीतच परत सोडत होता. तारेने नळी मोकळी केली, गालिचा काढून दोन दिवस उन्हात वाळवला, काम संपलं. तुम्हीही छताखाली कोरड्या फरशीवर गाडी उभी करून दहा मिनिटं एसी चालवा. खाली थारोळं दिसलं तर नळी ठीक. थेंबही नाही आणि मॅट ओली, तर हाच रोग. हवा नीट थंडही होत नसेल तरच गॅसकडे वळा. बोनेटच्या मागे, वायपरखालच्या जाळीत साचलेली पानंही काढून टाका, तिथून पाणी आत झिरपतं. एकच गोष्ट गॅरेजपर्यंत थांबू नये अशी: काचेवर चिकट, पुसूनही न जाणारा थर आणि हवेला गोडसर वास. म्हणजे हीटरची जाळी फुटून कूलंट आत येतंय. अशा वेळी इंजिन गार असताना कूलंटची टाकी बघा, पातळी उतरलेली असेल तर गाडी घाटात नेऊ नका.

सासूबाईंना सांगा, एसी चालू असला तरी थंडी वाजणार नाही. नॉब लाल बाजूला असला की त्यांच्या पायाशी येणारी हवा कोमटच असते. छातीसमोरचा झरोका तेवढा बंद करून द्या.